पाच शाखांची सरासरी ४.४ टक्के, मग बँकेचा एनपीए ७.२ टक्के कसा?

नागरी सहकारी बँकेत दर महिन्याला संचालक मंडळापुढे शाखावार एनपीएचा तक्ता येतो. एका रकान्यात शाखेचं नाव, पुढे एकूण येणे कर्ज, त्यापुढे एनपीएची रक्कम आणि शेवटी टक्केवारी. सगळ्यांचं लक्ष जातं ते तळाच्या ओळीकडे, कारण तिथे ‘बँकेचा एनपीए’ लिहिलेला असतो. रकमांच्या रकान्यांखाली बेरीज असते, ती बरोबर असते. टक्केवारीच्या रकान्याखाली मात्र बेरीज करता येत नाही, म्हणून तिथे बऱ्याचदा सरासरी टाकली जाते. चूक होते ती या एका चौकोनात.

आधी एनपीए म्हणजे काय ते दोन वाक्यांत. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की ते कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए धरलं जातं. शंभर रुपये येणे कर्जापैकी किती रुपये अशा थकलेल्या खात्यांत अडकले आहेत, ते ढोबळ एनपीएची टक्केवारी सांगते. ही टक्केवारी म्हणजे एक भागाकार आहे. वर एनपीएची रक्कम, खाली एकूण कर्ज. अंश आणि छेद असलेली गोष्ट आहे हे विसरलं की पुढचा घोळ होतो.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी बनवलेले आहेत, पण अशी रचना अनेक बँकांत दिसते. शहरातली जुनी मुख्य शाखा मोठी, तालुक्याची मध्यम, आणि खेड्यातल्या नव्या शाखा लहान. रकमा कोटी रुपयांत आहेत.

| शाखा | येणे कर्ज | एनपीए | टक्के |
|---|---|---|---|
| मुख्य शाखा | १२० | १०.८० | ९ |
| तालुका शाखा | ४० | २.४० | ६ |
| मार्केट यार्ड शाखा | २५ | १.०० | ४ |
| पहिली ग्रामीण शाखा | १० | ०.२० | २ |
| दुसरी ग्रामीण शाखा | ५ | ०.०५ | १ |
| एकूण | २०० | १४.४५ | ? |

प्रश्नचिन्हाच्या जागी काय लिहायचं? नऊ, सहा, चार, दोन, एक यांची बेरीज २२. भागिले पाच, म्हणजे ४.४ टक्के. तक्ता करणाऱ्याने हे लिहिलं तर सभेत कोणी हरकतही घेणार नाही, कारण आकडा वाजवी दिसतो. सगळ्यात कमी १ आणि सगळ्यात जास्त ९ असताना सरासरी मध्ये कुठेतरी येणारच.

पण त्याच ओळीत डावीकडे बघा. बँकेने एकूण २०० कोटी कर्ज दिलंय आणि त्यातले १४.४५ कोटी अडकलेत. १४.४५ भागिले २०० म्हणजे ७.२२५ टक्के. हा बँकेचा खरा ढोबळ एनपीए. ४.४ टक्के खरं मानलं तर २०० कोटींवर अडकलेली रक्कम ८.८० कोटी व्हायला हवी. मग उरलेले ५.६५ कोटी गेले कुठे? ते कुठेही गेलेले नाहीत. मुख्य शाखेच्या वहीत जसेच्या तसे बसलेत, फक्त सरासरी काढताना ते मोजले गेले नाहीत.

साध्या सरासरीत प्रत्येक शाखेला एकच मत मिळतं. १२० कोटींच्या मुख्य शाखेला एक मत आणि ५ कोटींच्या ग्रामीण शाखेलाही एक. पाच शाखा, प्रत्येकीला पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के वजन. ४.४ हा आकडा एका कल्पित बँकेचा आहे, जिच्या पाचही शाखांचं कर्ज सारखं, प्रत्येकी ४० कोटी आहे. त्या बँकेत एनपीए खरोखर ८.८० कोटीच असता. अडचण एवढीच की ती बँक अस्तित्वात नाही.

खऱ्या बँकेत मुख्य शाखेकडे २०० पैकी १२० कोटी आहेत, म्हणजे ६० टक्के वजन तिचं. तालुक्याचं २० टक्के, मार्केट यार्डचं साडेबारा, पहिल्या ग्रामीण शाखेचं ५ आणि दुसरीचं अडीच टक्के. आता प्रत्येक शाखेची टक्केवारी तिच्या स्वतःच्या वजनाने गुणा. मुख्य शाखेचे ९ टक्के गुणिले ६० टक्के, आले ५.४. तालुक्याचे १.२. मार्केट यार्डचा ०.५. पहिल्या ग्रामीण शाखेचा ०.१ आणि दुसरीचा ०.०२५. बेरीज ७.२२५. रकमा थेट भागून आलेला आकडाच परत आला. यालाच भारित सरासरी म्हणतात. यात वेगळं गणित काही नाही. कर्जाला टक्केवारीने गुणलं की एनपीएची रक्कम परत मिळते, आणि अशा सगळ्या रकमांची बेरीज एकूण कर्जाने भागायची. ‘भार’ हा शब्द अवघड वाटला तरी काम एवढंच आहे की प्रत्येक शाखेला तिच्या कर्जाइतका मान द्यायचा.

हे काही फक्त शाखांच्या हिशेबाचं वेड नाही. रिझर्व्ह बँक बँकांचे सरासरी कर्जदर जाहीर करते तेही भारित असतात, आणि पतधोरणात ज्या दरावर ती रोज लक्ष ठेवते तो कॉल मनी बाजाराचा, म्हणजे बँका एकमेकींना एका दिवसापुरते उसने पैसे देतात त्या बाजाराचा, दरसुद्धा भारित सरासरीचाच असतो. पाच कोटींचा व्यवहार आणि पाचशे कोटींचा व्यवहार एका तागडीत सारखे धरले, तर बाजाराचा दर कळणारच नाही.

आता एक गोष्ट जरा थांबून पाहू, कारण ती सहसा अर्धवट सांगितली जाते. लोक म्हणतात, शाखा लहानमोठ्या असल्या की सरासरीची सरासरी चुकते. हे पुरतं खरं नाही. शाखा कितीही लहानमोठ्या असोत, शाखेचा आकार आणि तिचा एनपीए यांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर साधी सरासरीही खऱ्या आकड्याच्या जवळच येते. चूक मोठी होते ती या दोन गोष्टी एकत्र वाढतात किंवा एक वाढली की दुसरी घटते तेव्हा. आपल्या उदाहरणात मोठ्या शाखेचा एनपीए जास्त आणि लहानीचा कमी, म्हणून साधी सरासरी खऱ्यापेक्षा खाली पडली. आता त्याच पाच टक्केवाऱ्या उलट्या लावून बघा. १२० कोटींच्या शाखेचा एनपीए १ टक्का, ४० कोटींचा २, २५ कोटींचा ४, १० कोटींचा ६ आणि ५ कोटींचा ९. साधी सरासरी अजूनही ४.४. खरा एनपीए मात्र ४.०५ कोटी, म्हणजे जेमतेम २.०२५ टक्के.

म्हणजे ४.४ हा एकच आकडा दोन अगदी वेगळ्या बँकांच्या कपाळावर लिहिला जातो. एकीचे चौदा-साडेचौदा कोटी अडकलेत, दुसरीचे चार. त्या आकड्यावरून दोघींत फरकच करता येत नाही.

चूक कुठल्या दिशेला होणार हे ओळखण्याची खूण यातूनच मिळते. तक्ता कर्जाच्या रकमेनुसार मोठ्याकडून लहानाकडे लावा आणि टक्केवारीचा रकाना वरून खाली वाचा. टक्केवारीही उतरत जात असेल तर साधी सरासरी बँकेला खऱ्यापेक्षा चांगली दाखवतेय. चढत जात असेल तर खऱ्यापेक्षा वाईट दाखवतेय. वरखाली कशीही हेलकावत असेल तर फरक बहुधा थोडा असेल. शहरातल्या मोठ्या शाखेत मोठ्या रकमेची उद्योगकर्जं असतात आणि त्यातली दोनतीन खाती बुडाली की टक्केवारी उसळते. खेड्यातल्या लहान शाखेत सोनेतारण जास्त असतं, तिथे थकबाकी राहिली तर तारण विकून वसुली होते. म्हणून आपल्याकडच्या तक्त्यांत पहिली दिशा दिसली तर नवल नाही, आणि तीच जास्त धोक्याची.

धोक्याची का, ते एका हिशेबावरून कळेल. निव्वळ एनपीए काढताना बुडीत कर्जांसाठी केलेली तरतूद अंशातूनही वजा होते आणि छेदातूनही. समजा या बँकेने ८ कोटींची तरतूद केली आहे. मग अंश १४.४५ वजा ८, म्हणजे ६.४५ कोटी. छेद २०० वजा ८, म्हणजे १९२ कोटी. निव्वळ एनपीए ३.३६ टक्के. नागरी सहकारी बँकांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या निकषांत निव्वळ एनपीए ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा अशी एक अट आहे. ही बँक त्या रेषेच्या पलीकडे गेलेली आहे. पण मंडळाच्या मनात ४.४ टक्के म्हणजे ८.८० कोटी बसलेले असतील, तर त्यातून ८ कोटींची तरतूद वजा करून त्यांना वाटेल की आता ८० लाखच उरलेत, निव्वळ एनपीए अर्धा टक्कासुद्धा नाही. लेखापरीक्षक ताळेबंदावरूनच हिशेब करणार, त्यामुळे अंतिम आकडा चुकणार नाही. पण मधले अकरा महिने वसुलीचे निर्णय ज्या तक्त्यावर घेतले गेले, तो मात्र चुकीचा होता.

आता एक्सेलमध्ये. अ‍ॅव्हरेजचं फंक्शन हाताशी असतं आणि रकान्याखाली टाकणं सोपं, म्हणूनच ही चूक इतकी पसरलेली आहे. समजा B रकान्यात कर्ज, C मध्ये एनपीए आणि D मध्ये टक्केवारी आहे, शाखा ओळ २ ते ६ मध्ये आहेत. चुकीचं सूत्र हे:

```
=AVERAGE(D2:D6)
```

बरोबर सूत्र हे:

```
=SUM(C2:C6)/SUM(B2:B6)
```

शाखेने रक्कम कळवलीच नाही, फक्त कर्ज आणि टक्केवारी कळवली, तर हे:

```
=SUMPRODUCT(B2:B6,D2:D6)/SUM(B2:B6)
```

यातलं दुसरं सूत्र मिळत असेल तर तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नका. टक्केवारी एका दशांशापर्यंत कळवलेली असली तर ती ०.०५ टक्क्यापर्यंत इकडेतिकडे असू शकते, आणि १२० कोटींवर तेवढे म्हणजे ६ लाख रुपये. टक्क्यात दिसत नाही, पण ताळेबंदाशी जुळवायला बसलं की तेच ६ लाख दुपारभर सापडत नाहीत. सगळ्यात सोपा उपाय असा की टक्केवारीचं जे सूत्र प्रत्येक शाखेच्या ओळीत आहे तेच ‘एकूण’च्या ओळीतही खाली ओढायचं. तिथे ते आपोआप एकूण एनपीएला एकूण कर्जाने भागतं.

पिव्होट टेबल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. टक्केवारीचा रकाना पिव्होटमध्ये टाकून त्याची सरासरी मागितली तर तीच चूक होते, फक्त जास्त देखण्या स्वरूपात. त्याऐवजी कॅल्क्युलेटेड फील्ड बनवून त्यात एनपीए भागिले कर्ज असं लिहा. कॅल्क्युलेटेड फील्ड आधी दोन्ही रकमांची बेरीज करतं आणि मग भागतं, त्यामुळे एकूणची ओळ बरोबर येते.

शून्याचंही एक प्रकरण आहे. बँकेने मार्च महिन्यात सहावी शाखा उघडली. तिने अजून एकही कर्ज दिलेलं नाही, त्यामुळे टक्केवारीच्या जागी भागाकाराची चूक दिसते. तक्ता नीट दिसावा म्हणून तिथे ० लिहिला जातो. झालं, २२ भागिले सहा, ‘बँकेचा एनपीए’ ४.४ वरून ३.६७ वर आला. एका रुपयाची वसुली न होता, नुसत्या फीत कापण्याने. रकमा भागून काढलेला आकडा ७.२२५ वरच राहतो, कारण अंशातही शून्य मिळवलं आणि छेदातही.

मोठ्या बँकांत ही चूक दोनदा होते, कारण शाखेतून विभागाकडे आणि विभागाकडून मुख्य कार्यालयाकडे असा प्रवास असतो. आपल्या पाच शाखांचे दोन विभाग करू. शहर विभागात मुख्य आणि तालुका शाखा, ग्रामीण विभागात उरलेल्या तीन. शहर विभागाची साधी सरासरी ७.५, ग्रामीणची २.३३. या दोघांची सरासरी ४.९२. म्हणजे आता बँकेचा एनपीए ४.४ नसून ४.९२ झाला, फक्त मधे दोन विभाग कार्यालयं आल्यामुळे! मार्केट यार्डची शाखा शहर विभागात टाकली तर आणखी तिसरा आकडा येईल. भारित हिशेब मात्र असा डळमळत नाही. शहर विभागात १६० कोटींपैकी १३.२० अडकलेत, म्हणजे ८.२५ टक्के. ग्रामीण विभागात ४० पैकी १.२५, म्हणजे ३.१२५ टक्के. ८.२५ ला ८० टक्के वजन आणि ३.१२५ ला २० टक्के, मिळून पुन्हा ७.२२५.

तक्ता तपासायला मी हीच परीक्षा वापरते. शाखांचे गट बदलून बघायचे. गट बदलला की एकूण आकडा बदलत असेल, तर तो बँकेचा आकडा नाही, गट पाडणाऱ्याचा आहे. आणि खालून वर माहिती पाठवताना टक्केवारी एकटी कधीच पाठवू नये. अंश आणि छेद या दोन रकमा पाठवाव्यात, टक्केवारी हवी त्याने आपल्या जागी काढावी.

आता वजन कशाचं द्यायचं हा प्रश्न. ‘मोठ्या शाखेला जास्त वजन’ एवढं लक्षात ठेवलं की माणसं ठेवींचं, खातेदारांच्या संख्येचं किंवा एकूण व्यवसायाचं वजन देऊन मोकळी होतात. तेही चुकीचंच. वजन नेहमी त्या टक्केवारीच्या छेदाचं द्यायचं, कारण छेदाने गुणल्यावरच अंशाची रक्कम परत हाती येते. एनपीएच्या छेदात कर्ज आहे, म्हणून कर्जाचं वजन. कर्ज-ठेव गुणोत्तरात, ज्याला सगळे सीडी रेशो म्हणतात, कर्ज वर असतं आणि ठेवी खाली. तिथे वजन ठेवींचं.

दोन शाखांचं उदाहरण घेऊ. मुख्य शाखेच्या ठेवी १५० कोटी आणि कर्ज १२०, सीडी रेशो ८० टक्के. ग्रामीण शाखेच्या ठेवी ४० कोटी आणि कर्ज १०, रेशो २५ टक्के. गावाने ठेवी द्यायच्या आणि शहराने कर्ज घ्यायचं, हे चित्र ओळखीचं आहे. दोन्ही मिळून १९० कोटी ठेवींवर १३० कोटी कर्ज, म्हणजे ६८.४ टक्के. साधी सरासरी ५२.५ येते. आणि सवयीने कर्जाचं वजन दिलं तर ७५.८ येते. वजन दिलं खरं, पण ज्याचं द्यायचं त्याचं नाही दिलं, म्हणून चूक फक्त दुसऱ्या बाजूला गेली. शाखाधिकाऱ्यांच्या सभेत ७५.८ ऐकून एखादा म्हणेल की आता कर्जवाटप थोडं आवरतं घ्या. ६८.४ ऐकून तसं म्हणायचं कारणच नाही.

वाढीच्या टक्केवारीचंही असंच. समजा पुढच्या वर्षात मुख्य शाखेचं कर्ज १२० वरून १८० कोटींवर गेलं, म्हणजे ५० टक्के वाढ. बाकी चार शाखा जागच्या जागी, वाढ शून्य. शाखांची सरासरी वाढ १० टक्के येते. बँकेचं कर्ज मात्र २०० वरून २६० झालं, म्हणजे वाढ ३० टक्के. वाढीच्या छेदात गेल्या वर्षीची रक्कम असते, म्हणून वजन गेल्या वर्षीच्या १२० आणि २०० वरून द्यायचं. ५० टक्के गुणिले ६० टक्के, ३० टक्के. चालू वर्षीच्या आकड्यांचं वजन दिलं तर ३४.६ येतं, तेही चूक.

हेच दुसरं वर्ष आणखी पुढे नेऊ, कारण इथे एक गोष्ट घडते जी पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. वर्षभर वसुली पथकाने मेहनत केली आणि पाचही शाखांची टक्केवारी खाली आली. मुख्य ९ वरून ८.८. तालुका ६ वरून ५.८. मार्केट यार्ड ४ वरून ३.९. ग्रामीण २ वरून १.९ आणि १ वरून ०.९. एकही शाखा घसरलेली नाही, साधी सरासरी ४.४ वरून ४.२६ झाली. आता रकमा मांडा. मुख्य शाखेच्या १८० कोटींवर ८.८ टक्के म्हणजे १५.८४ कोटी. तालुक्याचे २.३२, मार्केट यार्डचे ०.९७५, ग्रामीण शाखांचे ०.१९ आणि ०.०४५. एकूण १९.३७ कोटी, २६० कोटींवर ७.४५ टक्के. गेल्या वर्षी ७.२२५ होता. प्रत्येक शाखा सुधारली आणि बँक बिघडली.

यात कुठलीही हिशेबाची चलाखी नाही. ज्या शाखेत सगळ्यात जास्त कर्ज थकतं तिचंच वजन ६० वरून ६९ टक्क्यांवर गेलं. बँकेचा एकूण आकडा दोन कारणांनी हलतो, शाखांची टक्केवारी बदलल्याने आणि शाखांमधला कर्जाचा वाटा बदलल्याने. पहिल्या कारणाने आकडा थोडा उतरला, दुसऱ्याने त्याहून जास्त चढला. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये तो मांडला, जरी अशी उदाहरणं त्याआधीही अभ्यासकांच्या नजरेस आली होती.

मुख्य शाखेच्या ओळीकडे पुन्हा एकदा बघा, कारण बँकेच्या माणसाला तिथेच थांबावंसं वाटेल. टक्केवारी ९ वरून ८.८ झाली, पण अडकलेली रक्कम १०.८० वरून १५.८४ कोटी झाली. पाच कोटींहून जास्त नवा एनपीए तयार झाला आणि तरी शाखा ‘सुधारली’, कारण छेद ६० कोटींनी फुगला. ताजं कर्ज पहिल्या काही महिन्यांत थकत नाही, त्याचे ९० दिवस भरायलाच वेळ लागतो. म्हणून भराभर कर्ज वाटणाऱ्या शाखेची टक्केवारी काही काळ आपोआप छान दिसते. टक्केवारीसोबत रक्कम बघायचीच, आणि मुख्य शाखेसारख्या ठिकाणी चालू वर्षात वाटलेलं कर्ज वेगळं काढून जुन्या कर्जांवरचा एनपीए स्वतंत्र पाहायचा. भारित सरासरी बरोबर काढली तरी हा दोष तिच्यात राहतो, कारण तो सरासरीचा नसून टक्केवारीचाच आहे.

साधी सरासरी कधीच वापरायची नाही असं माझं म्हणणं नाही. प्रश्न शाखांबद्दल असेल तर ती चालते. आपल्याकडच्या शाखाधिकाऱ्यांची कामगिरी साधारण कशी आहे, अंतर्गत तपासणीत शाखांना सरासरी किती गुण मिळाले, अशा प्रश्नांत प्रत्येक शाखा हे एक एकक आहे आणि तिला एक मत देणं योग्यच. तिथेही एखादी शाखा फार टोकाची असेल तर मधला आकडा बघावा. आपल्या पाच शाखांत तो ४ आहे, मार्केट यार्डचा. पण ‘बँकेचा एनपीए किती’ हा प्रश्न रुपयांबद्दल आहे, शाखांबद्दल नाही. तळाच्या ओळीत साधी सरासरी लिहायचीच असेल तर तिला ‘शाखांची सरासरी’ म्हणावं आणि तिच्या वर ‘बँकेचा एनपीए’ वेगळा लिहावा.

बरोबर सूत्र टाकूनही आकडा ताळेबंदाशी जुळला नाही, तर दोन ठिकाणी आधी बघा. एक म्हणजे शाखावार तक्त्याच्या बाहेर राहिलेलं कर्ज. काही बँका जुनी थकीत खाती शाखेतून काढून मुख्य कार्यालयाच्या वसुली विभागाकडे वर्ग करतात. मग ती कुठल्याच शाखेच्या ओळीत दिसत नाहीत आणि शाखांची बेरीज बँकेपेक्षा कमी भरते. दुसरं म्हणजे एकाच कर्जदाराची दोन शाखांतली खाती. एनपीए ठरतो तो कर्जदारावर, खात्यावर नाही. एका शाखेतलं त्याचं खातं थकलं की दुसऱ्या शाखेतलं नियमित खातंही एनपीएत धरावं लागतं. शाखेने आपल्यापुरतं बघून तक्ता भरला असेल तर ते खातं निसटतं.

आणि सभासद म्हणून तुमच्या हातात फक्त छापील वार्षिक अहवाल असेल, त्यात शाखावार टक्केवारी आहे पण शाखावार कर्जाची रक्कम नाही, तर त्या टक्केवाऱ्यांवरून बँकेचा आकडा काढता येणार नाही. तो सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या टक्केवारीच्या मधे आहे, एवढंच म्हणता येईल. आपल्या उदाहरणात १ ते ९. अशा वेळी शाखांचा तक्ता बाजूला ठेवा आणि त्याच अहवालातल्या ताळेबंदाकडे जा. तिथे एकूण येणे कर्ज छापलेलं असतं आणि ढोबळ एनपीएची रक्कम ताळेबंदाच्या टिपांमध्ये असते. दोन्ही आकडे ३१ मार्चचेच आहेत ना हे बघा, एकाला दुसऱ्याने भागा, आणि आलेलं उत्तर अध्यक्षांच्या मनोगतात छापलेल्या टक्केवारीशेजारी पेन्सिलीने लिहा. दोन्हींत फरक असेल तर वार्षिक सभेत एवढंच विचारा की तुमच्या टक्केवारीच्या छेदात कोणती रक्कम आहे.